सहाव्या घरातली फुली

सावळीराम गायखे यांनी कागदाची पुडी माझ्या टेबलावर उलगडली आणि विचारले, "यादवभाऊ, या दाढंला कीड कुठं हाय, तेवढं दाखवा."

१९८२ सालच्या फेब्रुवारीतील बुधवार होता. रविवार कारंजाजवळच्या आमच्या दवाखान्यात सकाळची पहिली वेळ त्यांची नव्हती; ते वेळ न घेता आले होते. चार दिवसांपूर्वी, शनिवारी, डॉ. बागूल यांनी त्यांची उजवीकडची खालची दाढ काढली होती. काढलेली दाढ घरी नेण्याची त्यांची इच्छा होती, म्हणून मीच ती नळाखाली धुऊन या कागदात बांधून दिली होती.

मी दाढ उचलली. मी दंतवैद्य नव्हे. मुंबईत डेंटल मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी नाशकात आलो आणि तेव्हापासून डॉक्टरांच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवतो. बत्तीसही दात मी मेणात इतक्या वेळा कोरले आहेत, की डोळे मिटून हातात दिला तरी कोणता दात कुठला, हे मला सांगता येते. ही दाढ आखूड होती. तिची मुळे एकमेकांना चिकटून एका शंकूसारखी झाली होती. पुढच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढा काळा डाग होता. बाकी ती निरोगी होती. ती अक्कलदाढ होती.

आणि काढायची होती ती तिच्या पुढची.

"दुखणं थांबलं नाही का?" मी विचारले. उत्तर मला माहीत होते.

"थांबलं असतं तर पगारी सुट्टी टाकून ओझरहून आलो असतो का? शनवारी रात्री गुंगी उतरली अन् ठणका जागच्या जागी. म्हटलं जखमेचा असंल. काल आरशात बघितलं, तर पुढच्या दाढंला मागून एवढं भगदाड. भाताचं शीत त्यात बसतंय."

"जखम भरायला आठ-दहा दिवस लागतात," मी म्हणालो.

सावळीरामभाऊ ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस होते. दुसऱ्याने बनवलेला भाग मापात आहे की नाही, हे पाहण्यात त्यांची अठरा वर्षे गेली होती. "मी जखमेचं विचारलंच नाय, भाऊ," ते म्हणाले. "मी दाढंचं विचारलं."

"डॉक्टर सांगतील. मी कार्ड काढतो," असे म्हणून मी कपाटाकडे वळलो. माझ्या पाठीला त्यांचे डोळे जाणवत होते.

इथे आमच्या कामाची पद्धत सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर दातांची छापील आकृती असे. वर सोळा घरे, खाली सोळा; मधून उजवीकडे आणि डावीकडे एक ते आठ असे मोजायचे. डॉक्टर तोंड तपासताना एकेक दात मोठ्याने सांगत आणि मी त्या त्या घरात खूण करीत असे. किडलेल्या दाताला ठिपका, काढायच्या दाताला गोल, आणि जो दात तोंडात नाहीच त्याच्या घरावर फुली. पुढे दात काढण्याच्या दिवशी मी कार्डावरून वाचत असे आणि डॉक्टर त्याप्रमाणे मोजत. त्यांचे हात आणि माझी नोंद, अशी ती विभागणी होती, आणि नऊ वर्षे ती कधी चुकली नव्हती.

सावळीरामभाऊ पहिल्यांदा आले ते सुजलेला गाल घेऊन. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दोन्ही बाजू ताडून पाहिल्या आणि म्हणाले, "उजवीकडे खाली सहावी दाढ नाही. लहानपणी काढली असणार. सातवी पुढे सरकून तिच्या जागी आली आहे, आठवी तिच्यामागे. सातवी मागच्या बाजूने मुळापर्यंत पोखरली आहे, ती काढायची. आधी औषध देऊन सूज उतरवू." मी सातव्या घराला गोल केला. तेवढ्यात मागच्या खोलीतून जळक्या मेणाचा वास आला. स्टोव्हवर एका कवळीचा साचा उकळत ठेवला होता, त्यातले पाणी आटले होते. मी पेन ठेवून धावलो. साचा वाचला. परत आलो तेव्हा डॉक्टर औषध लिहून देत होते. सहाव्या घरात फुली मारायची राहून गेली.

मला ती राहून गेल्याचे कळलेही नाही.

पुढच्या शनिवारी विजेची कपात होती. एक्स-रे पाहायची दिव्याची पेटी बंद होती, म्हणून फिल्म पाकिटातच राहिली. खिडकीच्या उजेडात काम करायचे म्हणून डॉक्टर खुर्चीच्या मागे उभे होते. मी कार्डावरून वाचले, "खालची उजवी सातवी." डॉक्टरांनी आकृतीकडे एक नजर टाकली. खालच्या उजव्या बाजूच्या एकाही घरावर फुली नाही, म्हणजे सगळे दात जागेवर. त्यांनी पुढून मोजले: चार, पाच, सहा, सात. सातवी म्हणून त्यांनी जिला पक्कड लावली, ती आठवी होती. इंजेक्शनमुळे दोन्ही सारख्याच बधिर होत्या. रुग्णाला काय कळणार? दाढ सहज निघाली. ती धुताना तिची चिकटलेली मुळे माझ्या बोटांना लागली होती. सातवीची मुळे अशी नसतात, हे माझ्या मनात येऊन गेले होते. बाहेर पाच माणसे बसली होती. मी पुडी बांधली.

आता कपाटापाशी उभा राहून मी कार्ड काढले आणि सहावे घर पाहिले. ते कोरे होते.

माझ्या खिशाला पेन होते. डॉक्टर आत एका बाईंच्या दातात चांदी भरत होते. सावळीरामभाऊंकडे माझी पाठ होती. मी फुली मारली. दोन रेघा, त्याला श्वास घेण्याएवढाही वेळ लागला नाही. मग मी फुंकर मारून शाई वाळवली.

मी असे का केले, याचे उत्तर मी तेव्हा स्वतःला असे दिले, की मी नोंद पूर्ण करीत आहे. दाढ खरोखरच नव्हती, मग फुली खोटी कशी?

डॉक्टर मोकळे झाल्यावर मी सावळीरामभाऊंना आत नेले. डॉक्टर बागूल सटाण्याकडचे. उंच, मितभाषी. चिडले की चिडल्याचे हातांवरून कळायचे, चेहऱ्यावरून नाही. त्यांनी आधी पुडीतली दाढ पाहिली. मग तोंड पाहिले. आरसा मागच्या बाजूला नेल्यावर सातवीचे भगदाड उघडे पडले होते. आठवी होती तोवर ते तिच्या आडोशाला होते. डॉक्टरांनी वीज आहे की नाही ते न पाहता पाकिटातून फिल्म काढली आणि खिडकीशी धरली. बराच वेळ धरली. नंतर हात पुढे केला. "यादवराव, कार्ड."

मी कार्ड दिले.

त्यांनी सहावे घर पाहिले. फुलीवर त्यांची नजर थांबली. मला वाटले, आता विचारतील. ते विचारणार नाहीत, हे मला माहीत असायला हवे होते. माझ्या कार्डावर त्यांनी नऊ वर्षांत कधी शंका घेतली नव्हती.

त्यांनी स्टूल ओढले आणि सावळीरामभाऊंच्या समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसले.

"सावळीराम, मी चुकीची दाढ काढली," ते म्हणाले. "काढायची होती ती अजून तोंडात आहे. जी काढली ती चांगली होती. कार्डावर सहावीची फुली आहे, तरी मी तिला धरून मोजलं. फिल्म पाकिटात होती, ती मी पाहिली नाही. दोष माझा आहे. मला माफ करा."

मी कवळ्यांच्या कपाटाला टेकून उभा होतो. वरच्या खणात मांडलेले प्लास्टरचे जबडे माझ्या खांद्याला लागत होते.

एवढ्या सरळ उत्तराची तयारी करून सावळीरामभाऊ आले नसावेत. "म्हंजे आता ही पण जाणार," ते म्हणाले.

"ही वाचण्यासारखी नाही. मुळाशी पू आहे."

"मग या अंगाला चावायला काय ऱ्हायलं?"

"दाढ एकही नाही. आठवी राहिली असती तर एक राहिली असती."

"लय भारी," सावळीरामभाऊ म्हणाले. "विमानाला असं भलत्या जागी भोक पाडलं असतं, तर पायलट पगार घ्यायला आला नसता." त्यांनी गालाला हात लावला. "बायको म्हणत होती, उगा संशय घेता, मोठा डॉक्टर हाय, चुकंल कसा."

"तिला सांगा, चुकला."

"तसं नाय चालत. तोंडी नाय." ते खुर्चीत ताठ बसले. "आमच्या खात्यात भाग खराब झाला तर त्याला चिठ्ठी लागती, डॉक्टर. काय बिघडलं, कुणाच्या हातनं, कशामुळं. शिव्या द्यायला नाय. कारण खोटं लिव्हलं, की तोच भाग महिन्याभरात परत बिघडून येतो. मला चिठ्ठी द्या. मग पुढं कुणाकडं न्यायची, का नाय न्यायची, ते माझं मी बघतो."

डॉक्टरांनी मान डोलावली. मुंबईला दंतपरिषदेकडे तक्रार जाऊ शकते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. त्यांचा एक वर्गमित्र अशाच प्रसंगात 'कीड दोन्ही दाढांना होती' असे मागाहून लिहून सुटला होता. ही हकिगत त्यांनीच मला एकदा सांगितली होती, आणि सांगताना त्यांना त्या मित्राचे नाव घेववले नव्हते.

"लिहून देतो," ते म्हणाले. "यादवराव, कार्बन घालून दोन प्रती करा. मी सांगतो."

माझे अक्षर चांगले आहे. दवाखान्याची सगळी पत्रे मीच लिहीत असे. मी टेबलाशी बसलो, कागद जुळवले आणि तारीख घातली. डॉक्टर उभ्याने, सावकाश, एकेक वाक्य सांगू लागले. रुग्ण कधी आला, कोणते दुखणे, कोणती दाढ काढायचे ठरले, ती का ठरली. शनिवारी कोणती निघाली. एक्स-रे उपलब्ध असूनही पाहिला गेला नाही. रुग्ण आज काय घेऊन आला, आज तपासणीत काय आढळले. प्रत्येक वाक्य खरे होते आणि प्रत्येक वाक्य त्यांच्या विरुद्ध होते.

"पुढे लिहा," ते म्हणाले. "रुग्णाच्या कार्डावर सहावी दाढ नसल्याची नोंद पहिल्या दिवसापासून स्पष्ट होती. असे असूनही..."

मी 'रुग्णाच्या कार्डावर' एवढे लिहिले. मग पेन चालेना.

"यादवराव?"

"पहिल्या दिवसापासून नव्हती," मी म्हणालो.

"काय नव्हती?"

"फुली. मी आज मारली. आत्ता, कपाटापाशी. तुम्ही आत होतात तेव्हा."

खाली रस्त्यावर टांगेवाले एकमेकांना हाका मारीत होते. डॉक्टरांनी टेबलावरचे कार्ड उचलून खिडकीकडे नेले आणि तिरके धरले. जुन्या खुणांची शाई फिकटली होती. फुली गडद होती. एवढे साधे होते ते. पाहायचेच असते, तर त्यांनाही पहिल्याच वेळी दिसले असते.

"पाच तारखेला तुम्ही मला सांगितलं होतं, सहावी नाही म्हणून," मी पुढे म्हणालो. आता थांबणे शक्य नव्हते. "स्टोव्हवर साचा जळत होता, मी उठून गेलो. फुली राहिली. शनिवारी तुम्ही कार्ड पाहून मोजलंत, ते कार्डच अपुरं होतं. आणि दाढ धुताना तिची मुळं मला लागली होती. तेव्हाच बोलायला हवं होतं."

सावळीरामभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. गालाला लावलेला हात तसाच होता. "थांबा. माझ्यासमोर मारली? मी तिथं बाकावर बसलेलो असताना?"

"होय."

"अन् मला जखमंचं सांगत होतात! आठ-दहा दिवस!"

"होय."

"आमच्याकडं तपासणीच्या कागदावर मागनं खूण केली, तर त्या माणसाला दारातनं आत घेत नाय, यादवभाऊ. चूक करणाऱ्याला घेतात."

मी ड्रॉवर उघडला.

डॉक्टर परत आले. त्यांनी कार्ड माझ्यापुढे टेबलावर दाबून ठेवले. मी ड्रॉवरमधून ब्लेड काढले. फुली खरवडून जागा पुन्हा कोरी करावी, असे मला वाटले.

"खोडू नका," डॉक्टर म्हणाले. "काहीही खोडू नका. ती राहू दे. तिच्या बाजूला लिहा, ही खूण केव्हा केली, कुणी केली, का केली. आजची तारीख, आत्ताची वेळ. सही करा. खाली मी करतो."

मी लिहिले. सहाव्या घराशेजारची पांढरी जागा बोटभर होती. अक्षर बारीक करावे लागले. 'ही फुली दि. १७ रोजी सकाळी, तक्रार आल्यानंतर, मी मारली. दि. ५ रोजी मारायची राहिली होती.' सही केली. डॉक्टरांनी सही केली. मग मी आधीचा कागद बाजूला ठेवून नवे दोन घेतले आणि डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. या वेळी माझे नाव त्यात दोनदा आले. मला वाटले होते, ते माझ्यावर ढकलतील. त्यांनी तसे केले नाही. 'नोंद अपुरी होती. तथापि तोंडातील दात आणि फिल्म प्रत्यक्ष पाहून खात्री करणे माझे काम होते आणि ते मी केले नाही,' असे त्यांनी सांगितले. मी तसेच लिहिले.

सावळीरामभाऊंनी चिठ्ठी दोन वेळा वाचली. तारखांवर बोट ठेवून वाचली. "पहिला कागद पण द्या," ते म्हणाले.

"तो अपुरा आहे."

"म्हणूनच द्या."

डॉक्टरांनी मान डोलावली. मी दिला.

"आता मोजा," सावळीरामभाऊ खुर्चीत मागे टेकत म्हणाले. "तुम्ही, यादवभाऊ. मोठ्यानं. अन् मला आरसा द्या हातात. ज्याचं तोंड त्याला काय विचारायचं नाय, हा कुठला नियम?"

असा कोणताच नियम नव्हता. फक्त आम्ही कधी विचारले नव्हते. मी हातआरसा त्यांना दिला. डॉक्टरांनी खिडकीशी फिल्म धरली, डावे-उजवे उलटू नये म्हणून तिच्यावरचा उठावाचा ठिपका बोटाने चाचपून ती सुलट केली, आणि मी काडीच्या टोकाने एकेका दाताला स्पर्श करीत मोजू लागलो. मधला पहिला. दुसरा. सुळा तिसरा. चौथा. पाचवा. तिथे मी थांबलो.

"सहावी नाही," मी म्हणालो.

"नाही," डॉक्टर खिडकीतून म्हणाले.

"बारा वर्षांचा पण नसंल मी, तवा गावच्या मंगळू न्हाव्यानं काढली," सावळीरामभाऊ म्हणाले. "त्यानं मात्र बरोबर काढली हो! मी नव्हतं सांगितलं, कारण कुणी विचारलं नाय."

"पाचवीच्या मागे लागून आहे ती सातवी."

सावळीरामभाऊंनी आरशात पाहून त्या दाढेवर स्वतःचे बोट ठेवले. "हीच दुखती."

"फिल्ममध्येही हीच," डॉक्टर म्हणाले. "यादवराव, घाला कार्डावर. 'पाचव्या दाताला लागून असलेली, मागच्या बाजूने पोखरलेली.' नुसता आकडा लिहू नका. रुग्णाने स्वतः बोट ठेवून दाखवली, हेही घाला."

मी घातले. मला वाटले, आता डॉक्टर इंजेक्शन भरायला सांगतील. तेही तसेच समजले असावेत, कारण ते हात धुवायला वळले.

"नाय," सावळीरामभाऊ म्हणाले. त्यांनी गळ्याशी लावलेला नॅपकिन काढून ठेवला. "मोजलं बरोबर. पण काढायला इथं नाय बसायचा मी. दुसऱ्या कुणाचं नाव द्या. अन् ही बोटभर फिल्म द्या बरोबर."

डॉक्टरांनी नळ बंद केला. त्यांनी शालिमारजवळच्या एका जुन्या दंतवैद्यांना फोन लावला आणि माझ्यासमोर, सावळीरामभाऊंसमोर, काय घडले ते सगळे सांगितले. पलीकडचा माणूस मधेच काही तरी समजुतीचे बोलला असावा; डॉक्टर "नाही, तसं नाही," असे म्हणाले. दुपारची वेळ ठरली. मी फिल्म पाकिटात घालून दिली आणि कार्डावर तेही लिहिले, की मूळ फिल्म रुग्णाकडे आहे. पुडीतली दाढ त्यांनी मागितली नाही आणि मागेही ठेवली नाही; ती पुन्हा गुंडाळून खिशात घातली. दाराशी ते वळले.

"चिठ्ठी कुणाकडं न्यायची ते अजून ठरलं नाय," ते म्हणाले. "ठरलं की कळवतो."

"कळवा," डॉक्टर म्हणाले.

जिन्यावरून त्यांची पावले उतरून गेली. बाहेर बाकावर तीन माणसे बसली होती; त्यांनी किती ऐकले, कोण जाणे. डॉक्टरांनी टॉवेलने हात पुसले आणि टॉवेल खुंटीला न लावता हातातच ठेवला.

"उद्यापासून फुल्या मी मारीन," ते म्हणाले. "तुम्ही मोजायचं. दोघांचं जुळल्याशिवाय पक्कड उचलायची नाही. वीज नसेल तर दुसऱ्या दिवशी."

"बरं."

"यादवराव, तुम्ही ती फुली मारलीत तेव्हा माझ्याबद्दल तुमच्या मनात काय आलं?"

मी खरे उत्तर शोधले. राग नव्हता. सूड नव्हता. त्यांना अडकवायचेही नव्हते. ते आत, पाठमोरे, कुणाच्या तरी दातात चांदी भरीत होते, एवढेच मला आठवत होते.

"तुम्ही मनातच आला नाहीत," मी म्हणालो.

डॉक्टरांनी टॉवेल खुंटीला लावला आणि पुढच्या माणसाला आत बोलवायला सांगितले.